संवाद की शांतता: एका प्रवेशाचे तीन मसुदे

बीड जिल्ह्यातलं घर, दसरा तोंडावर. ऊसतोडीचा मुकादम उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, द्यायला आलाय. नवरा-बायको मिळून एक कोयता, हे ठरलेलंच. मुकादम विचारतो, "पोरगी बी येती का? दीड कोयता धरू?" पोरगी दहावीत आहे. एकांकिकेतला हा प्रवेश तीन तऱ्हांनी लिहिता येतो.

पहिल्या मसुद्यात आई बोलते: "माझी लेक कोयता धरणार न्हाई, शिकंल ती." टाळी हमखास पडते. पण आईने विरोध बोलून टाकला की पुढं बापाशी भांडणच लिहावं लागतं, आणि प्रवेश वादविवादाकडे घसरतो.

दुसऱ्यात पॉज प्रश्नानंतर येतो. बाप गप्प, मग म्हणतो, "धरा." अशा पॉजमध्ये प्रेक्षक उत्तराची वाट बघतो, म्हणून उत्तर खरंच अनिश्चित असेल तरच तो टिकतो. आपल्याकडच्या प्रेक्षकाला मात्र उचलीचा हिशेब पाठ असतो. बाप काय म्हणणार हे त्याला आधीच कळलेलं असतं, मग थांबणं नाटकी वाटतं.

तिसऱ्यात बाप लगेच, जवळजवळ मुकादमाचं वाक्य तोडत, "धरा" म्हणतो. शांतता त्यानंतर. माझं मत याच्याच बाजूने. उत्तर अपेक्षितच होतं, पण ते इतक्या पटकन यावं हे अपेक्षित नव्हतं, आणि ते पचायला जागा हवी. शिवाय आता गप्प आहे ती आई, म्हणजे जिच्याकडे बोलण्यासारखं सगळ्यात जास्त आहे ती.

पण संहितेत नुसतं "(दीर्घ शांतता)" लिहून भागत नाही. नट सुस्कारे टाकतो, पदर डोळ्याला जातो, कुणीतरी खालून बासरी सोडतं. त्याऐवजी काम लिहा: "मुकादम नोटा मोजतो. पूर्ण मोजून होईपर्यंत कुणी बोलत नाही. आई त्याच्या बोटांकडे बघते." लांबी आपोआप ठरते, नटाला मनात आकडे मोजावे लागत नाहीत. प्रॉम्प्टरच्या प्रतीतही पॉज ठळक करा, नाहीतर नट वाक्य विसरला असं समजून तो विंगेतून पुढचं वाक्य पुरवतो. (हे घडतं, आणि नेमकं स्पर्धेतच घडतं.)

ही शांतता आधीच्या पेरणीवर उभी असते. दोन पानं आधी आईने दहावीच्या फॉर्मसाठी पोरीला फोटो काढून आणायला सांगितलेलं असावं. ते आहे की नाही हे तपासायला नाटक माहीत नसलेल्या कुणाला तरी प्रवेश वाचून दाखवा आणि विचारा, आईला काय म्हणायचं होतं? प्रत्येकाने भलतंच सांगितलं तर पॉज वाढवू नका, पेरणी दुरुस्त करा. याच प्रवेशात दुसरा लांब पॉज असेल तर तो काढा.

प्रयोग जत्रेच्या मैदानात असेल तर मी पहिला मसुदाच घेईन, टाळीसकट. जनरेटर आणि पाळण्यांच्या आवाजात शांतता शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही. तिथल्या माणसाला वाटतं, माइक गेला.