फ्रीजमध्ये भाजीच्या ट्रेखाली साचणारं पाणी: अडीच वर्षांच्या वापरानंतरचा अनुभव

एप्रिल २०२३ मध्ये हा फ्रीज घेतला. दोन दारांचा, वर फ्रीझर, फ्रॉस्ट फ्री, अडीचशे लिटरच्या आसपासचा. आम्ही चिपळूणला राहतो, घरात पाच माणसं. थंडावा छान, आवाज कमी, बर्फ लवकर होतो. त्याबद्दल एवढंच पुरे. मला लिहायचं आहे ते एकाच दुखण्याबद्दल. त्यात आमचा अख्खा पावसाळा गेला आणि नको त्या दुरुस्तीवर होणारा खर्च थोडक्यात टळला.

जुलै २०२४ मध्ये भाजीच्या ट्रेमधली कोथिंबीर तळाकडून काळी पडायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, निथळून ठेवत नाहीस का?" मलाही तेच वाटलं. म्हणून भाजी धुतल्यावर पुसून, कागदात गुंडाळून ठेवू लागले. तरी कोथिंबीर कुजतच होती. एक दिवस ट्रे पूर्ण बाहेर काढला तर खाली पाणी साचलेलं. फडक्याने टिपून पिळलं तर आमटीची वाटी भरली. पुसलं, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. पाण्याला रंग नव्हता, वास नव्हता. दूध किंवा डाळ सांडली असती तर चिकटपणा आला असता, वास आला असता. हे पाणी बर्फ वितळून येतं तसं स्वच्छ होतं.

वॉरंटीचं वर्ष संपलेलं. कंपनीच्या सर्व्हिसचा माणूस आला, दाराच्या रबरावरून हात फिरवला आणि म्हणाला, "मॅडम, गॅसकेट गेलंय, बाहेरची दमट हवा आत येते." कोकणातला पावसाळा, त्यामुळे हे पटण्यासारखंच होतं. पण रबर बदलायला होकार देण्याआधी मी कागदाची पट्टी दारात धरून दार लावलं आणि पट्टी ओढून पाहिली. दाराच्या चारही बाजूंनी, हातभर अंतराअंतरावर. पट्टी सगळीकडे घट्ट धरली जात होती. रबर सैल असतं तर ती सहज सुटून आली असती. मग मी नको म्हणाले.

हे पाणी येतं कुठून ते आधी सांगते, कारण ते कळल्यावर बाकीचं सोपं होतं. फ्रॉस्ट फ्री फ्रीजमध्ये गारवा देणारी कॉइल फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआड असते. हवेतला दमटपणा तिच्यावर बर्फ होऊन बसतो. कॉम्प्रेसर साधारण आठ ते बारा तास चालला की डिफ्रॉस्टची वेळ होते. कॉम्प्रेसर थांबतो, कॉइलखालचा हीटर थोडा वेळ तापतो आणि बर्फाचं पाणी होतं. ते कॉइलखालच्या पन्हळीत पडतं, पन्हळीच्या मधल्या भोकातून नळीत जातं आणि नळीने फ्रीजच्या पाठीतून खाली, कॉम्प्रेसरजवळच्या एका उथळ ट्रेमध्ये येतं. कॉम्प्रेसरच्या उष्णतेने तिथल्या तिथे त्याची वाफ होते. म्हणून एरवी आपल्याला हे पाणी कधी दिसतच नाही.

ही वाट बंद झाली की पाणी पन्हळ भरून वाहतं. थोडं फ्रीझरच्या तळावर पसरून तिथेच गोठतं. बाकीचं हवा खाली नेणाऱ्या झरोक्यांतून उतरतं, खालच्या कप्प्याच्या मागच्या भिंतीवरून ओघळतं आणि सगळ्यांत खोल जागी, म्हणजे भाजीच्या ट्रेखाली साचतं. रोग वर असतो आणि पाणी खाली दिसतं. आम्ही खालीच शोधत बसलो होतो.

आमच्याकडे दोन खुणा पहिल्या दिवसापासून होत्या, पण मी त्या उशिरा पाहिल्या. फ्रीझरमध्ये मटारच्या पाकिटांखाली काचेसारखा पातळ बर्फाचा थर होता, मागच्या बाजूला जाड आणि दाराकडे पातळ. आणि फ्रीज भिंतीपासून ओढून मागे टॉर्च मारला तर कॉम्प्रेसरजवळचा ट्रे कोरडा ठणठणीत, त्यात नुसती धूळ. जुलैतल्या चिपळूणमध्ये तो ट्रे कोरडा असूच शकत नाही. पाणी आत आणि ट्रे सुका, म्हणजे मधली नळी बंद. ही तपासणी करायला पाच मिनिटं लागतात आणि काहीही उघडावं लागत नाही, म्हणून मी आता सगळ्यांना आधी तेच बघायला सांगते.

ऑगस्टमध्ये एका रविवारी फ्रीज रिकामा केला, प्लग काढला आणि दोन्ही दारं उघडी ठेवून रात्रभर सोडून दिला. खाली जुन्या चादरी अंथरल्या. सकाळी बर्फ वितळला होता आणि मागच्या ट्रेमध्ये थोडं पाणीही आलं होतं. मला वाटलं झालं काम. अठरा दिवस सगळं कोरडं होतं. एकोणिसाव्या दिवशी भाजीच्या ट्रेखाली पुन्हा पाणी.

माझं चुकलं ते इथे. मागच्या ट्रेमध्ये पाणी आलं एवढंच मी पाहिलं. किती आलं, किती वेळात आलं, ते पाहिलं नाही.

मग आमच्याच आळीतल्या मेकॅनिकला बोलावलं. पंचवीसएक वर्षं हेच काम करणारे काका. त्यांनी आदल्या रात्रीपासून फ्रीज बंद ठेवायला सांगितला होता. गोठलेलं प्लास्टिक ओढलं की त्याच्या कड्या मोडतात, म्हणून. आल्यावर त्यांनी फ्रीझरमधली जाळी काढली, मागच्या पॅनेलचे स्क्रू सोडवले, पंख्याच्या वायरची पिन काढली आणि पॅनेल अलगद बाहेर घेतलं. कॉइल वरपासून खालपर्यंत स्वच्छ होती, पण पन्हळीत भोकाच्या भोवती बर्फाचा गोळा अजून तसाच होता. ते म्हणाले, "वहिनी, कॉइल पूर्ण बर्फाने माखलेली असती तर हीटर नाहीतर सेन्सर गेला म्हटलं असतं. तुमचा हीटर ठीक आहे. ड्रेनच चोक आहे."

मेडिकलमधून आणलेल्या बिनसुईच्या मोठ्या सिरिंजने त्यांनी कोमट पाणी भोकावर हळूहळू सोडलं. हाताला सोसेल एवढंच गरम. उकळतं पाणी घातलं तर आतलं प्लास्टिक वाकडं होऊ शकतं. मी बर्फ फोडायला स्क्रूड्रायव्हर पुढे केला तर त्यांनी तो बाजूला ठेवला. कॉइलची ॲल्युमिनियमची नळी मऊ असते. तिला एक भोक पडलं की गॅस गेला, आणि छोटंसं काम हजारोंवर जातं. शिवाय आमच्या फ्रीजच्या मागच्या स्टिकरवर R600a लिहिलं आहे. तो गॅस पेट घेणारा आहे, म्हणून तिथे मेणबत्ती किंवा ब्लोटॉर्च चालत नाही.

भोक मोकळं झाल्यावर त्यांनी मोजून शंभर मिलि पाणी ओतलं आणि मला मागे ट्रेकडे बघत बसवलं. थेंब थेंब आलं. पाच मिनिटांनी निम्मंही आलं नव्हतं. म्हणजे वरचा बर्फ गेला तरी वाट मोकळी नव्हतीच.

खरं कारण खालच्या टोकाला होतं. मागचं खालचं कव्हर काढल्यावर नळीच्या टोकाला बसवलेली काळी रबरी टोपी दिसली. तिला बदकाच्या चोचीसारखी एक चीर असते. पाण्याच्या भाराने ती उघडते आणि एरवी मिटलेली राहते, म्हणजे बाहेरची गरम दमट हवा नळीतून वर जात नाही. काकांनी ती हाताने ओढून काढली आणि दाबली, तर आतून काळपट, बुळबुळीत शेवाळासारखा गाळ निघाला. धूळ, बुरशी आणि सतत ओली जागा यांनी तो तयार होतो. चीर जवळजवळ चिकटून गेली होती. म्हणून पाणी नळीत तुंबत होतं, चढत चढत वरच्या भोकापर्यंत जात होतं आणि तिथे फ्रीझरच्या थंडीत गोठत होतं. वरचा बर्फ हा परिणाम होता. मी ऑगस्टमध्ये तो वितळवला, पण गाळ जागेवरच राहिला. नळी पुन्हा भरून गोठायला अठरा दिवस लागले, इतकंच.

टोपी साबणाच्या कोमट पाण्यात धुतली, नळीतून चार-पाच सिरिंज पाणी सोडलं. मधून मधून ट्रे स्पंजने टिपत राहावं लागलं, कारण तो लहान असतो आणि भरला की पाणी थेट फरशीवर येतं. पुन्हा शंभर मिलि ओतलं, तर पाऊण मिनिटात जवळजवळ सगळं खाली. मी विचारलं, ही टोपी काढूनच टाकली तर? काका म्हणाले, बरेच जण काढतात, पण मग आपल्याकडच्या हवेत दमटपणा नळीतून वर चढतो आणि भोकाशी पुन्हा बर्फ धरतो. टोपी परत बसवली. जाता जाता त्यांनी ॲल्युमिनियमची एक पातळ पट्टी हीटरच्या नळीला गुंडाळून तिचं टोक ड्रेनच्या भोकात सोडलं. हीटर तापला की पट्टीतून थोडी ऊब भोकात उतरते आणि तिथे पाणी गोठत नाही. काही फ्रीजमध्ये अशी पट्टी मुळातच असते. आमच्यात नव्हती. एकूण सहाशे रुपये घेतले.

माझ्या बहिणीच्या जुन्या फ्रीजची गोष्ट वेगळी निघाली, तीही सांगते. त्यात खालच्या कप्प्याची मागची भिंतच गार होते. तिच्यावर थेंब धरतात आणि ओघळून भाजीच्या ट्रेमागच्या छोट्या पन्हळीत जातात. तिथल्या उघड्या भोकात कढीपत्त्याचं पान अडकलं होतं. कानात घालायच्या कापसाच्या काडीने ते निघालं, मेकॅनिकची गरजच पडली नाही. तुमच्या फ्रीजमध्ये भाजीच्या ट्रेमागे असं भोक दिसत असेल तर आधी तेच साफ करा. भिंत सपाट आणि कोरडी असेल, हवा झरोक्यांतून येत असेल, तर भोक वर फ्रीझरच्या पॅनेलआड आहे असं समजा.

कंपनीवर माझा राग एकाच गोष्टीचा आहे. सोबतच्या पुस्तिकेत या टोपीचा उल्लेखच नाही. वर्षातून एकदा धुवायची वस्तू चार स्क्रूंच्या कव्हरमागे ठेवली आहे आणि ती तिथे आहे हे घरातल्या माणसाला कळायचा मार्ग नाही.

सप्टेंबर २०२४ च्या दुरुस्तीला आता तेरा महिने झाले. यंदा मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आधी, प्लग काढून मी स्वतः कव्हर उघडलं आणि टोपी धुतली. आत नखावर निघेल एवढा पातळ थर पुन्हा धरला होता. जून ते सप्टेंबर दर रविवारी भाजीचा ट्रे उचलून खाली हात फिरवला, कोरडाच होता. मागच्या ट्रेमध्ये मात्र पूर्ण पावसाळाभर बोटाच्या पेराएवढं पाणी होतं.