व्हेक्टर ग्रुप जुळवायचा कुठे: सीटीच्या डेल्टात की रिलेच्या सेटिंगमध्ये?

डिफरन्शियल संरक्षणात रिले ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही बाजूंचे करंट ताडून बघतो आणि फरक आला की ट्रिप देतो, म्हणून आधी दोन्ही बाजू जुळवाव्या लागतात. ५० एमव्हीए, १३२/३३ केव्ही, Dyn11 ट्रान्सफॉर्मर घ्या. पूर्ण लोडला १३२ केव्हीच्या डेल्टा बाजूला २१९ अँपिअर, ३३ केव्हीच्या स्टार बाजूला ८७५. करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे सीटी, ३००/१ आणि १०००/१, म्हणून सेकंडरीत ०.७३ आणि ०.८७५ अँपिअर, शिवाय व्हेक्टर ग्रुपमुळे ३० अंशांचा फरक.

जुनी रीत अशी: डेल्टा बाजूचे सीटी स्टारमध्ये, स्टार बाजूचे डेल्टामध्ये. कोन जुळतो, पण ३३ केव्हीचा करंट √३ पट होऊन १.५२ वर जातो. मग आकडा जुळवायला मध्ये इंटरपोजिंग सीटी लावा. तिचे टॅप टप्प्याटप्प्याचे असल्याने थोडी तफावत उरते, आणि ती स्लोपलाच, म्हणजे लोडच्या प्रमाणात रिले जो फरक खपवून घेतो त्यालाच, पोसावी लागते. टॅप चेंजरचे १० टक्के आणि सीटीची चूक त्याच स्लोपमधून आधीच जात असतात.

न्यूमेरिकल रिलेत सगळे सीटी स्टारमध्ये. रिले दोन्ही करंट आपापल्या पूर्ण लोडच्या आकड्याने भागतो आणि ३३ केव्हीच्या `ia` ऐवजी `(ia - ic)/√3` वापरतो. शून्य क्रमाचा करंटही त्यातच गळतो. स्लोप १ मला साधारण ३० टक्क्यांवर ठेवता येतो. सीटी सॅच्युरेशनसाठी पुढचा तीव्र स्लोप असतोच.

माझा कौल मात्र एका त्रासाने ठरला. एका ठिकाणी डेल्टात सी फेजचा सीटी उलटा जोडला गेला होता. त्यामुळे दोन फेजमध्ये लोडच्या १.१५ पट डिफरन्शियल करंट येत होता. चाचणीवेळी लोड १५ टक्के, म्हणजे डिफरन्शियल करंट पूर्ण लोडच्या ०.१७ पट, आणि रिले ज्याच्या वर ट्रिप देतो तो पिकअप ०.२. रिले गप्प राहिला. लोड १७ टक्क्यांच्या वर सरकताच ट्रिप, आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये दोष काहीच नाही! डेल्टा यार्डातल्या मार्शलिंग बॉक्समध्ये बांधलेला, त्यामुळे पॅनलवर सुटा फेज करंट दिसतच नव्हता. एकेक वायर क्लॅम्प मीटरने तपासत आमचा दिवस गेला. स्टार जोडणीत तोच सीटी स्क्रीनवर १२० ऐवजी उणे ६० अंशांवर दिसला असता.

सेटिंगमध्येही चूक होते, पण ती निदान ओळखता येते. डिफरन्शियल करंट लोडच्या ५२ टक्के असेल तर कोन ३० अंशांनी चुकलाय. लोडइतकाच असेल तर ६० अंशांनी, बहुधा व्हेक्टर ग्रुपमध्ये ११ च्या जागी १ टाकलाय.

जुनी वायरिंग नीट चालत असेल तर ती उकलाच असं मी म्हणणार नाही. फक्त सीटीचा डेल्टा तसाच ठेवून न्यूमेरिकल रिले बसवलात, तर व्हेक्टर ग्रुप शून्य ठेवा आणि √३ सीटी रेशोत धरा. नाहीतर भरपाई दोनदा होते. नव्या पॅनलला मात्र मी स्टारच घेईन.