कतारचा जन्मदाखला, भलत्याच देशाचं अ‍ॅपोस्टिल

या फसवणुकीत अ‍ॅपोस्टिलचा शिक्का अगदी खरा असतो. अ‍ॅपोस्टिल म्हणजे कागदावरची सही खरी असल्याचं, हेग करारातल्या देशांत चालणारं सरकारी प्रमाणपत्र. ऑनलाइन नोंदवहीत त्याचा नंबर टाकला तर तोही सापडतो. म्हणूनच शिकलेली माणसंही फसतात.

एका कुटुंबाकडे कतारमध्ये निघालेला मुलाचा जन्मदाखला होता आणि तो स्पेनमध्ये द्यायचा होता. कतार १९६१च्या हेग अ‍ॅपोस्टिल करारात नाही, म्हणून तिथल्या कागदाला दूतावासापर्यंतच्या सह्यांची साखळी, म्हणजे अटेस्टेशन, लागतं. कुटुंब तोवर कतार सोडून दुसऱ्या देशात राहायला गेलं होतं. तिथला एजंट म्हणाला, दोहाला कागद पाठवायची गरज नाही, इथूनच अ‍ॅपोस्टिल करून देतो. त्याने दाखल्याची झेरॉक्स काढली, नोटरीकडून ‘मूळ प्रतीबरहुकूम’ असा शिक्का मारून घेतला आणि त्या नोटरीच्या सहीवर त्या देशाचं अ‍ॅपोस्टिल मिळवलं. पैसे मात्र पूर्ण अटेस्टेशनचे घेतले. स्पेनमधल्या कार्यालयाने कागद परत केला.

चूक अ‍ॅपोस्टिलवरच वाचता येते. त्यात दहा क्रमांकित रकाने असतात. पहिल्यात देशाचं नाव, दुसऱ्यात सही कोणाची, तिसऱ्यात ती कोणत्या नात्याने केली. इथे पहिल्या रकान्यात कतार नव्हतं आणि तिसऱ्यात ‘नोटरी’ होतं. म्हणजे साक्ष नोटरीच्या सहीची होती, दाखल्याची नव्हे. करारातल्या देशाला आपल्याच हद्दीत निघालेल्या सार्वजनिक कागदावर अ‍ॅपोस्टिल देता येतं. दुसऱ्याच्या कागदाला नाही.

खरी साखळी अशी: मूळ दाखला आधी तो देणाऱ्या खात्याकडून, इथे आरोग्य मंत्रालयाकडून, साक्षांकित व्हावा लागतो. मग कतारचं परराष्ट्र मंत्रालय, आणि शेवटी दोहातला स्पेनचा दूतावास. प्रत्येक जण फक्त आधीच्या सहीची खात्री देतो, आपल्याकडच्या नमुना सहीशी ताडून. दोहातल्या दूतावासाकडे कतारच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या नमुना सह्या असतात, आरोग्य खात्यातल्या अधिकाऱ्याची सही तो ओळखणार कशी? म्हणून मधली पायरी गाळता येत नाही आणि क्रम उलटा करता येत नाही. भाषांतर शक्यतो सगळ्यात शेवटी करावं, म्हणजे शिक्क्यांचा मजकूरही त्यात येतो. आधी केलेलं भाषांतर बऱ्याचदा पुन्हा करावं लागतं.

एजंटला काम द्यायचंच असेल तर प्रत्येक टप्प्यानंतर मूळ कागदाच्या पाठपोट फोटोचा आणि त्या कार्यालयाच्या पावतीचा आग्रह धरा. ‘सगळं एकदम झाल्यावर पाठवतो’ म्हणणाऱ्याला आगाऊ रक्कम देऊ नये. शिक्क्यांची पानं जोडलेली असतील तर स्कॅनसाठीही पिना काढू नका; सुटलेल्या पानावर शंका घेतली जाते.

उलटी लबाडीही चालते. सौदी अरेबियात हा करार ७ डिसेंबर २०२२ पासून आणि चीनमध्ये ७ नोव्हेंबर २०२३ पासून लागू आहे, तरी काही एजंट जुनी यादी दाखवून दूतावासाच्या टप्प्याचे पैसे लावतात. हेग परिषदेच्या संकेतस्थळावरचा सदस्य देशांचा तक्ता बघा, आणि त्यातला आक्षेपांचा रकानाही. दोन्ही देश सदस्य असले तरी एकाने दुसऱ्याच्या प्रवेशाला आक्षेप घेतला असेल, तर त्या दोघांत दूतावासाचीच साखळी चालते.