बडोद्याहून जर्मनीत नेलेला लॅपटॉप, दोन सेमिस्टरनंतर

दांडिया बाजारातल्या आमच्या ओळखीतली बरीच पोरं आता जर्मनीला चाललीयेत आणि सगळ्यांचा प्रश्न तोच, इथून न्यायचा का तिथे घ्यायचा, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

व्होल्टेजचं टेन्शन घेऊच नका. तिथेही आपल्यासारखंच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, आणि चार्जरच्या ठोकळ्यावर INPUT 100-240V लिहिलेलं असतं, म्हणजे अमेरिकेतही चालेल. घोळ होतो तो पिनचा. आपली तीन जाड पिनांची वायर जर्मन भिंतीत जातच नाही, मग सगळे स्वस्तातला ट्रॅव्हल कन्व्हर्टर लावतात. मीही लावला, तर लॅपटॉपच्या मेटल बॉडीवर मनगट टेकलं की मुंग्या येतात तशी झिणझिण. चार्जर काढला की बंद, लावला की चालू. कारण असं की त्या कन्व्हर्टरला दोनच पिना, अर्थिंग पुढे जातच नाही, आणि चार्जरच्या फिल्टरमधून जो थोडासा करंट गळतो त्याला जायला जागा राहत नाही, तो बॉडीवर येतो. त्याने सहसा काही होत नाही पण टायपिंग करताना डोकं फिरतं. उपाय अगदी साधा, ठोकळा तोच ठेवायचा, फक्त त्याच्यात घुसणारी तीन पाकळ्यांच्या तोंडाची वायर तिथली, जर्मन अर्थिंगवाल्या प्लगची घ्यायची, काही युरोत मिळते. गेमिंग लॅपटॉप असेल तर तोंड मोठं असतं, डेस्कटॉपच्या वायरसारखं, ते बघून घ्या. ठोकळ्यालाच दोन पिनांचं तोंड असेल तर मात्र याचा उपयोग नाही.

कीबोर्डसाठी मी इथूनच नेला आणि अजूनही तेच म्हणेन. रूममेटने तिथे घेतला, त्यात झेड आणि वायची अदलाबदल, @ साठी AltGr+Q, आणि { साठी AltGr+7, कोडिंगवाल्यांची तर वाटच. सेटिंगमध्ये यूएस लेआउट करता येतो पण मग बटणावर छापलेलं एक आणि उमटतं दुसरं, आणि डाव्या शिफ्टशेजारी एक जास्तीचं बटण असतं ते राहतंच, त्यामुळे शिफ्ट आखूड होतं आणि बोट चुकतं. मला उमलाउट लागतात तेव्हा विंडोजमध्ये US-International लावतो, " आणि मग u दाबलं की ü, झालं काम.

वॉरंटीचं मात्र जायच्या आधी बघा. कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकून बघायचं, वॉरंटी इंटरनॅशनल आहे का फक्त भारतापुरती. माझी इंटरनॅशनल होती, तरी एक बटण अडकायला लागलं तेव्हा सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, वॉरंटी चालेल पण स्टॉकमध्ये जर्मन कीबोर्डच आहे, यूएसवाला मागवावा लागेल, थांबा. थांबलो, बाहेरचा यूएसबी कीबोर्ड लावून. रूममेटला याबाबतीत बरं, तिथल्या कायद्याने २ वर्षं दुकानदारच जबाबदार, आणि पहिल्या वर्षात बिघाड निघाला तर वस्तू देताना ती ठीक होती हे दुकानदारानेच सिद्ध करायचं. पण ती जबाबदारी त्या दुकानाची, तो बडोद्याला परत आला की रावपुऱ्यात त्याचं कोण ऐकणार?