"पोर्ट गेलाय" म्हणून 3,200 रुपये घेतले, फोन उघडलाच नव्हता

बाबांच्या फोनचा चार्जिंग पोर्ट बदलला म्हणून फोंड्यातल्या एका दुरुस्तीच्या दुकानाने 3,200 रुपये घेतले. वर 'ओरिजिनल' केबल 650 ला आणि वीस वॅटचा अडॅप्टर 850 ला गळ्यात मारला. एकूण 4,700 रुपये गेले. पोर्ट बदललाच नव्हता, केबल नकली होती आणि अडॅप्टर नावालाच वीस वॅटचा होता. चार्जिंग होत नाही असा फोनवरचा इशारा घेऊन घरातली वडीलधारी माणसं रोज अशा दुकानांत जात असतील, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

फोन आयफोन 12. बाबा भजनी मंडळात गातात, रियाजाला तंबोरा फोनवरच लावतात, त्यामुळे फोन सदैव झब्ब्याच्या खिशात. भर पावसाळ्यात केबल लावली की पडद्यावर `This accessory may not be supported` यायला लागलं. केबल जरा दाबून धरली तर चार्जिंग सुरू व्हायचं, हात काढला की बंद.

दुकानदाराने आपली एक केबल लावून दाखवली, तोच इशारा. दुसरी लावली, पुन्हा तोच. "काका, बघा, माझ्या नव्या केबलवरसुद्धा चार्जिंग येत नाही. पोर्ट गेलाय, बदलावा लागेल." डोळ्यांदेखत दाखवल्यावर कोणालाही पटेल. पण या चाचणीतून एवढंच कळतं की दोष केबलमध्ये नाही, पोर्टच्या बाजूला आहे. पोर्ट मोडलाय की त्यात कचरा अडकलाय, हे त्यातून कळत नाही, आणि नेमकी तीच गोष्ट त्याने सांगितली नाही. खिशातल्या सुताचा बारीक कापूस पोर्टच्या तळाशी दाबला जातो. प्रत्येक वेळी केबल खुपसताना तो आणखी घट्ट बसतो. मग केबलचं टोक पूर्ण आत जात नाही, सोनेरी पट्ट्या नीट टेकत नाहीत, आणि कितीही केबली बदलल्या तरी फोन तेच म्हणतो. टोक "टक्" करून बसत नसेल, किंचित बाहेर राहत असेल किंवा डुगडुगत असेल, तर आधी कचऱ्याचाच संशय घ्यावा.

फोन आत नेऊन त्याने वीसेक मिनिटांत परत आणून दिला. चार्जिंग चालू. बाबा खूश होऊन घरी आले.

चतुर्थी झाल्यावर नव्या केबलवर तोच इशारा परत आला. मी जुनी केबल, जी त्याने "टाकून द्या" म्हणून सांगितलं होतं, ती लावून पाहिली. फोन निमूट चार्ज व्हायला लागला. म्हणजे आता पोर्ट ठीक होता आणि नवी केबल खोटी होती. तिथे मला शंका आली आणि मी फोन पणजीला एका ओळखीच्या कारागिराकडे नेला.

त्याने पोर्टच्या दोन्ही बाजूंचे स्क्रू आणि पडद्याची कड भिंगाखाली बघितली आणि म्हणाला, "हा फोन कोणी उघडलेलाच नाही." या फोनचा पडदा आतून चिकटपट्टीने सील केलेला असतो. उघडायचा तर गरम करून ती पट्टी कापावीच लागते, आणि पोर्टपर्यंत पोचायला खालचा स्पीकर वगैरे बरंच काही सुटं करावं लागतं. वीस मिनिटांचं ते कामच नाही. बाबांच्या फोनची कारखान्यातली पट्टी जशीच्या तशी होती. म्हणजे पहिल्या दुकानदाराने आत जाऊन कचरा टोकरून काढला आणि 3,200 रुपये लावले. साफसफाईचे शंभर-दोनशे मागितले असते तर आम्ही आनंदाने दिले असते. खोटं सांगून पेन्शनीतले पैसे काढणं मला अजूनही सहन होत नाही.

केबल नकली हे पणजीच्या कारागिराने टोक दाखवूनच समजावलं. खऱ्या केबलच्या पट्ट्या गुळगुळीत आणि कडांना गोलसर असतात, या केबलच्या चौकोनी, खरबरीत होत्या. कंपनीच्या केबलवर यूएसबी टोकापासून सुमारे सात इंचांवर "डिझाइन्ड बाय ॲपल इन कॅलिफोर्निया" अशी फिकट अक्षरं आणि बारा किंवा सतरा आकडी क्रमांक असतो, इथे काहीच नव्हतं. या फोनच्या लायटनिंग केबलच्या टोकात ओळख पटवणारी चिप असते. नकली चिप काही दिवस चालून जाते, मग एखाद्या अपडेटनंतर फोन तिला नाकारतो. दुसऱ्या कंपनीची प्रमाणित केबलही चांगली चालते, कंपनीचीच हवी असं नाही.

अडॅप्टरचं मी घरी तपासलं. Settings मध्ये Battery उघडल्यावर `Slow Charger` लिहून येत होतं. खऱ्या वीस वॅटच्या अडॅप्टरवर, यूएसबी-सी टोकाच्या केबलने, हा फोन अर्ध्या तासात सुमारे पन्नास टक्क्यांपर्यंत जातो. आमचा तेवढ्याच वेळात जेमतेम पंधरा टक्के चढला. अडॅप्टरवर बीआयएसचा R ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला होता. तो BIS Care ॲपमध्ये घातला तर नोंदच सापडली नाही. हा क्रमांक दुकानातच उभं राहून तपासता येतो.

आता असा इशारा आला तर घरीच एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी केबल, अडॅप्टर तोच. मग अडॅप्टर, केबल तीच. दोन्ही एकदम बदलले तर दोष कोणात होता ते कळणारच नाही. केबल एका बाजूने चालते आणि उलटी लावली की चालत नाही, असं असेल तर पट्ट्या नीट बघा, एखादी काळी पडलेली असते. आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेत हे फार होतं. दोन चांगल्या केबलींवरही इशारा आला तरच पोर्टकडे वळा. फोन बंद करून टॉर्चने आत बघा आणि लाकडी टूथपिकने तळाचा कापूस हलक्या हाताने बाहेर ओढा. सुई किंवा पिन नको, तोंडाने फुंकायचं नाही, थुंकीची वाफ आत जाते. यूएसबी-सी पोर्टच्या फोनमध्ये मधोमध पातळ जीभ असते, ती मोडली तर खरोखरच पोर्ट बदलावा लागतो, म्हणून तिथे आणखी जपून. आणि फोन ओलावा असल्याचं सांगत असेल तर टूथपिकही नको. केबल काढून निदान अर्धा तास हवेवर ठेवा, पूर्ण सुकायला एक दिवसही लागू शकतो. तांदळात पुरू नका.

साफ करूनही टोक नीट बसत नसेल तर पोर्ट खरंच गेलेला असू शकतो. तेव्हा दुरुस्ती समोर बसून करून घ्या, काढलेला जुना भाग हातात मागा आणि बिलावर भागाचं नाव लिहून घ्या. बाबांना त्याने कच्च्या चिठ्ठीवर नुसता आकडा लिहून दिला होता.

ती चिठ्ठी, यूपीआयची नोंद आणि पणजीच्या कारागिराने लिहून दिलेला कागद घेऊन मी दुकानात गेलो. केबल-अडॅप्टरचे 1,500 त्याने मुकाट्याने परत केले. 3,200 वर मात्र "काम केलंय" हेच धरून बसला. त्या रकमेसाठी मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे.