दुधाचे तीन डबे आणि 'अ‍ॅडेड शुगर्स'ची एक ओळ: वर्षभराच्या वापरानंतर

"मॅडम, कंडेन्स्ड म्हणजेच इव्हॅपोरेटेड. फक्त नाव वेगळं." हे मला फोनवर सांगणारा मुलगा ज्या कंपनीच्या वेबसाइटवर नोकरीला आहे, तिचं नाव मी लिहीत नाही. त्यांच्या पानावर स्पष्ट 'इव्हॅपोरेटेड मिल्क' होतं, म्हणून मी मागवलं. अमळनेरला पार्सल आलं ते स्वीटन्ड कंडेन्स्ड मिल्कचं. डबा उघडायचीही गरज पडली नाही. कानाशी धरून हलवला आणि आत काहीच खळखळलं नाही, तेव्हाच कळलं. तरी म्हणे खाण्याच्या वस्तू परत घेत नाहीत.

मी उन्हाळ्यात कुल्फीच्या ऑर्डरी घेते. आखाजीच्या आधी सुरू होतात आणि पाऊस पडेपर्यंत चालतात. म्हणून गेल्या वर्षापासून कंडेन्स्ड, इव्हॅपोरेटेड आणि दूध पावडर असे तिन्ही प्रकारचे डबे माझ्या स्वयंपाकघरात असतात. ब्रँडची तुलना बाकीचे करतातच, ती इथे नाही. मला बोलायचंय ते डब्याच्या पाठीवरच्या छोट्या तक्त्याबद्दल.

आधी खळखळीचं. इव्हॅपोरेटेड मिल्क म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी काढून डब्यातच उच्च तापमानाला निर्जंतुक केलेलं दूध. साखर घातलेली नसते. ते पातळच राहतं, जाडसर सायीच्या दुधासारखं, म्हणून डबा हलवला की आवाज येतो. कंडेन्स्डमध्ये इतकी साखर असते की त्या साखरेमुळेच ते टिकतं. जंतूंना वाढायला पाणी मोकळं मिळत नाही. ते मधासारखं घट्ट, त्यामुळे आवाज नाही. शिवाय साखरेमुळे ते जड असतं, म्हणून ४०० ग्रॅमचा कंडेन्स्डचा डबा तेवढ्याच वजनाच्या इव्हॅपोरेटेडच्या डब्यापेक्षा चांगलाच लहान दिसतो. दोन्ही शेजारी ठेवले की लेबल न वाचता ओळखता येतात. आमच्याकडचा दुकानदार मात्र अजूनही म्हणतो, "दोन्ही एकच आहेत ना, वहिनी." त्याचा दोष नाही, इव्हॅपोरेटेड त्याच्याकडे कधी आलंच नाही.

आता तक्ता. आपल्याकडे एफएसएसएआयच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनी पाकिटावर टोटल शुगर्स आणि अ‍ॅडेड शुगर्स वेगवेगळं छापावं लागतं. सगळी भानगड या दोन ओळींत आहे. पहिली ओळ बघून लोक दुकानात हवा तो डबा परत ठेवतात आणि नको तो घेऊन येतात.

माझे सासरे, आम्ही त्यांना नाना म्हणतो, मधुमेही आहेत. एकदा त्यांनी चष्मा लावून बिनफॅटच्या दूध पावडरीचं पाकीट वाचलं आणि माझ्याकडे असं पाहिलं जणू मी त्यांना विष घालतेय. तिथे १०० ग्रॅममागे साखर ५० च्या वर. शेजारी कंडेन्स्डचा डबा होता, त्यावर साधारण ५५. "सूनबाई, यात आणि त्यात फरक काय मग?"

फरक आहे, आणि तो पहिल्या ओळीत दिसणार नाही. दूध पावडरीतली साखर म्हणजे दुधातच असलेलं लॅक्टोज. दुधातलं पाणी जवळजवळ सगळं काढल्यामुळे आकडा मोठा दिसतो. अ‍ॅडेड शुगर्सच्या ओळीत तिथे शून्य असतं. कंडेन्स्डच्या ५५ पैकी ४४ च्या आसपास मात्र वरून घातलेली साखर असते, दुधाची फक्त १०-११. शिवाय १०० ग्रॅम पावडर कोणी चमच्याने खात नाही. तेवढ्यात जवळपास लिटरभर दूध होतं, आणि त्या लिटरभर दुधात जेवढं लॅक्टोज नाहीतरी असतंच, तेवढंच त्यात असतं. नानांना हे पटलं, पण लॅक्टोजही साखरच आहे, म्हणून त्यांच्या कपातलं दूध मोजूनच जातं.

फॅटबद्दल माझं आधीचं मत चुकीचं होतं. मला वाटायचं, गोड डबा म्हणजे जास्त तुपकट. तक्ते समोरासमोर ठेवले तर कंडेन्स्ड आणि इव्हॅपोरेटेड दोन्हींत दुधाची चरबी आठ टक्क्यांच्या आसपास निघते. त्या वेबसाइटवाल्याच्या बोलण्यात एवढ्यापुरतं तथ्य आहे. चरबी सारखी, साखरेत जमीन-अस्मानाचं अंतर. पावडरीत मात्र उलट खेळ चालतो. 'होल मिल्क पावडर' असेल तर किमान २६ टक्के फॅट, 'स्किम्ड' असेल तर जास्तीत जास्त दीड टक्का. आणि बाजारात 'डेअरी व्हाइटनर' नावाचं जे पाकीट सगळ्यांच्या घरी असतं, ज्याला आपण सर्रास दूध पावडर म्हणतो, त्यात बऱ्याचदा फॅट २० च्या घरात आणि वरून घातलेली साखर १८ च्या आसपास असते. तिथेही तीच एक ओळ पाहायची. शून्य असेल तर पावडर, आकडा असेल तर व्हाइटनर.

आता तो चुकून आलेला डबा. फेकणारी मी नव्हे, पैसे मोजलेत. माझी कुल्फी अशी असते: एक लिटर फुल क्रीम दूध, ४०० ग्रॅमचा एक डबा इव्हॅपोरेटेड, १२० ग्रॅम साखर, वेलची, थोडं केशर. आटवून वीसेक साचे भरतात, म्हणजे एका कुल्फीत वरची साखर सहा ग्रॅम. कंडेन्स्डच्या ४०० ग्रॅममध्ये आधीच १७५ ग्रॅमच्या आसपास साखर, म्हणून मी माझी १२० पूर्ण वगळली. तरी प्रत्येकी जवळपास नऊ ग्रॅम झाली. गोडीपेक्षा त्रास दुसराच झाला. साखर जास्त असली की मिश्रण उशिरा गोठतं आणि गोठलं तरी मऊ राहतं. अमळनेरच्या ४४ अंशांच्या दुपारी ती कुल्फी काडीवर टिकेना. वाटीत काढून चमच्याने खायला छान लागते, पण ऑर्डरला काडीची हवी असते.

मग ते महागडं इव्हॅपोरेटेड सोडून दिलं. साधा हिशोब आहे. १२० ग्रॅम होल मिल्क पावडर २८० मिलिलिटर कोमट पाण्यात कालवली की ४०० ग्रॅम होतं, त्यात फॅट आठच्या जवळ. गुठळ्या नको असतील तर पाण्याचा थोडा भाग घेऊन आधी पेस्ट करायची, मग बाकीचं ओतायचं. डब्यातल्या इव्हॅपोरेटेडला उष्णतेने एक हलकी भाजक्या दुधाची चव येते, तेवढी यात नाही. कुल्फी आटवताना ती चव आपण तशीही आणतोच.

कंडेन्स्डचंही असंच घरी करून पाहिलं. १७५ ग्रॅम साखर १०५ मिलिलिटर पाण्यात उकळून विरघळवायची, गॅस बंद करून १२० ग्रॅम पावडर थोडी थोडी घालत मिक्सरला फिरवायची. ताजं असताना विकतच्या डब्याच्या जवळ जातं. मी खुश होते. फ्रीजमध्ये ठेवून आठवड्याने चमचा घातला तर जिभेवर बारीक रवा लागला. नणंद म्हणाली पावडरीत भेसळ आहे. भेसळ नाही, लॅक्टोज आहे. त्या चारशे ग्रॅममध्ये पाणी शंभरेक ग्रॅमच, आणि थंड पाण्यात एवढं लॅक्टोज मावत नाही, ते स्फटिक होऊन खाली बसतं. कारखान्यात थंड करताना मुद्दाम लॅक्टोजची अगदी बारीक पूड टाकतात, म्हणजे स्फटिक एकदम पुष्कळ आणि इतके सूक्ष्म बनतात की जिभेला कळत नाहीत. घरी ते सावकाश वाढतात, म्हणून मोठे होतात. त्यामुळे घरचं कंडेन्स्ड मी आता त्याच दिवशी लागेल तेवढंच करते. बाकीच्या वेळी विकतचा डबा घेते, आणि यासाठी पैसे जास्त गेले तरी मला चालतं. हे वाक्य मी लिहिलंय यावर माझ्या घरच्यांचा विश्वास बसणार नाही.

विकतचा घेताना दुकानात डबा कुठे ठेवलाय ते पाहा. पत्र्याच्या गोदामात उन्हाळाभर तापलेलं कंडेन्स्ड आत तपकिरी आणि जास्त घट्ट होतं, वास टॉफीसारखा येतो. तेवढ्याने ते खराब असं नाही, पण बासुंदीचा रंग बिघडतो. डबा फुगलेला असेल तर मात्र हात लावू नका. होल मिल्क पावडर उन्हात ठेवली तर तिची चरबी खवट होते, पाकीट फोडताच नाकाला कळतं. स्किम्डला हा त्रास फारसा नाही, म्हणून ती मी जास्त घेऊन ठेवते आणि पोळ्यांच्या कणकेत, दह्यात वापरते.

शेवटची एक गोष्ट आखाती देशातून कोणी डबे आणून देत असेल तर. माझ्या दिराने आणलेल्या दोन डब्यांवर गाय होती, मोठ्या अक्षरात 'इव्हॅपोरेटेड' होतं, हलवल्यावर खळखळतही होतं. फॅटही आठ. घटकांच्या यादीत पाहिलं तर स्किम्ड मिल्क आणि पाम तेल. हा कायदेशीर प्रकार आहे, दुधातली चरबी काढून वनस्पती तेल घातलेला, आणि बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही असतं. चहाला चालतो. कुल्फीत मात्र टाळूला मेणचट थर चिकटतो. तक्त्यातला फॅटचा आकडा चरबी किती ते सांगतो, कुणाची ते सांगत नाही, त्यासाठी घटक वाचावे लागतात.

वेबसाइटवरची तक्रार अजून 'प्रक्रियेत' आहे. आता मी ऑनलाइन काही मागवायच्या आधी विक्रेत्याला डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो मागते. जो पाठवत नाही त्याच्याकडून घेत नाही.