स्तंभ, दांड्या की फरकाचे ठिपके: संचालक मंडळापुढे कोणता आलेख न्यावा?

यवतमाळकडच्या एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीचं उदाहरण घेऊ. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे किती कास्तकार लावतात, याचं सर्वेक्षण झालं आहे. 12 गावं, प्रत्येक गावात 10 सभासद आणि 10 बिगर-सभासद. 120 सभासदांपैकी 73 जणांनी, म्हणजे 61 टक्क्यांनी, सापळे लावल्याचं सांगितलं. बिगर-सभासदांत 57, म्हणजे साडेसत्तेचाळीस टक्के. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. पुढच्या खरिपात सापळ्यांच्या मोहिमेवर आणखी पैसा घालायचा का, हे मंडळाला ठरवायचं आहे.

पहिला पर्याय सगळ्यांच्या ओळखीचा: दोन उभे स्तंभ. संचालकांना तो समजावून सांगावा लागत नाही आणि काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवरही दिसतो. पण त्याची उभी रेघ शून्यापासूनच सुरू झाली पाहिजे. ती 40 पासून सुरू केली, तर सभासदांचा स्तंभ दुसऱ्याच्या जवळपास तिप्पट उंच दिसतो, आणि बैठकीतून उठताना लोक तेच चित्र डोक्यात घेऊन जातात. शून्यापासून काढलेला स्तंभही एक गोष्ट लपवतो: वेगळे 120 कास्तकार निवडले असते, तर आकडा किती हलला असता? ते त्यात कुठेच दिसत नाही.

दुसरा पर्याय तो हलण्याचा पट्टा दाखवतो. प्रत्येक गटासाठी एक ठिपका आणि त्यातून जाणारी दांडी, म्हणजे 95 टक्क्यांचं विश्वास अंतर. सभासदांचं साधारण 52 ते 70, बिगर-सभासदांचं 39 ते 56. मंडळाला सांगताना एवढं पुरतं: अशाच पद्धतीनं पुन्हा पुन्हा सर्वेक्षण केलं, तर शंभरातल्या सुमारे 95 वेळा काढलेल्या पट्ट्यात खरा आकडा सापडेल. मात्र इथे हमखास एक चूक होते. दांड्या 52 ते 56 च्या दरम्यान एकमेकींवर चढतात, ते पाहून कोणीतरी म्हणतो, ‘मग फरक काहीच नाही.’ तसा निष्कर्ष निघत नाही. फरकाचं अंतर वेगळं काढावं लागतं, आणि साध्या सूत्रानं ते 1 ते 26 टक्के-बिंदू येतं. दांड्या चढल्या तरी हे अंतर शून्याच्या वरच राहतं.

म्हणून माझी पसंती तिसऱ्या पर्यायाला: थेट फरकाचा आलेख. प्रत्येक गावाचा एक ठिपका, सभासदांची टक्केवारी वजा बिगर-सभासदांची. खाली सरासरीचा मोठा ठिपका, त्याची दांडी आणि शून्यावर एक ठळक रेघ. यामुळे साध्या सूत्रातली खोटही भरून निघते. ते सूत्र 240 उत्तरं सुटी-सुटी धरतं, पण एका गावातले लोक एकमेकांच्या वावरात बघून शेती करतात, एकाच कृषी केंद्रात जातात. गावागणिक फरक काढला की हिशोब 12 आकड्यांवर येतो. ते एक्सेलमध्ये B2 ते B13 या घरांत असतील, तर सरासरीच्या दोन्ही बाजूंना किती जायचं ते असं निघतं:

```
=T.INV.2T(0.05,11)*STDEV.S(B2:B13)/SQRT(12)
```

समजा गावागावांतल्या फरकाचं प्रमाण विचलन 24 आलं. मग दोन्ही बाजूंना 15 बिंदू जातात, आणि अंतर उणे 2 ते 29 होतं. शून्य आता आत आलं. साध्या सूत्रावर विसंबून ‘फरक सिद्ध झाला’ असं लिहिलं असतं, तर पहिला जाणकार संचालक ते वाक्य खोडून काढू शकला असता, आणि ते योग्यच ठरलं असतं.

या आलेखाची किंमत म्हणजे समजावण्याचा वेळ. शून्याच्या डावीकडे ठिपका असलेलं एक गाव दाखवून ‘इथे बिगर-सभासदच पुढे आहेत’ असं म्हटलं की लोक बाकीचं स्वतः वाचतात. बैठकीत पाचच मिनिटं मिळणार असतील आणि मोहिमेचा निर्णय त्यावर अडलेला नसेल, तर दुसरा पर्याय चालेल. फक्त फरकाचं अंतर, गावागणिक काढलेलं, खाली अक्षरांत लिहा. शून्यापासूनचे स्तंभ वार्षिक अहवालापुरते ठेवा.

आलेख कोणताही असो, दांडीत न मावणाऱ्या दोन शंका वाक्यांतच सांगाव्या लागतात. ‘लावले’ हे लोकांनी सांगितलेलं आहे. हेक्टरी 5 सापळे होते का, ल्यूर वेळेवर बदलला का, हे वावरात जाऊन कोणी पाहिलेलं नाही. आणि सभासद होणारे कदाचित आधीपासूनच ओलिताचे, नवं करून बघणारे असतील. त्यामुळे ‘कंपनीमुळे सापळे वाढले’ हे वाक्य या सर्वेक्षणातून निघत नाही. ठरावाच्या टिपणीत मी असं लिहीन: ‘पाहणी केलेल्या गावांत सभासदांनी सापळे लावल्याचं प्रमाण 13 बिंदूंनी जास्त आढळलं, खरा फरक शून्याच्या आसपास किंवा बराच मोठाही असू शकतो. पूर्ण खर्च मंजूर करण्याआधी काही गावांत मोहीम राबवून, मोहीम नसलेल्या पण बाकी सारख्याच गावांशी, वावरातले सापळे मोजून तुलना करावी.’